नाजूक पोट, पणजीतली संध्याकाळ आणि रोस ऑम्लेटचा गाडा

प्रश्न: पुढच्या महिन्यात कामासाठी पाच दिवस पणजीत असणार आहे. रोस ऑम्लेट खायची फार इच्छा आहे, पण पोट नाजूक आहे. बाहेरचं जरा काही खाल्लं की बिघडतं. गाड्यावर खाऊ का? खायचं तर काय बघून खाऊ?

उत्तर:

खा. गोव्यात गाड्यावरच्या पदार्थांत नाजूक पोटाला त्यातल्या त्यात बरा पदार्थ निवडायचा तर मी रोस ऑम्लेटच निवडेन. मात्र त्या ताटलीत एकूण चार गोष्टी येतात आणि त्या चौघींची जातकुळी वेगवेगळी आहे, एवढं ध्यानात ठेवून खा.

पहिली गोष्ट ऑम्लेट. ते तुमच्यासमोर होतं. स्टीलच्या ग्लासात अंडी फोडून कांदा, मिरची, कोथिंबीर घालून फेटतात आणि थेट तापल्या तव्यावर ओततात. इथे बघायचं एवढंच, की ते दोन्ही बाजूंनी पूर्ण शिजलंय का. गर्दीच्या वेळी मधला भाग ओला राहतो. तुम्ही "दादा, नीट भाजून द्या" म्हणालात तर कुणाला राग येत नाही. हाफ फ्राय मात्र बाहेर टाळाच, कारण कच्च्या बलकातून साल्मोनेला येऊ शकतो.

दुसरी गोष्ट रोस, आणि खरी मेख इथे आहे. हा रोस म्हणजे बहुतेक ठिकाणी चिकन शागुतीचा रस्सा. भाजलेला नारळ, कांदा आणि गरम मसाला वाटून केलेला. बहुतेक गाडेवाले तो दुपारी घरी करतात आणि संध्याकाळी टोपातून गाड्यावर आणतात. म्हणजे दुपार ते संध्याकाळ तो कुठे तरी कोमट बसलेला असतो. मांसाचा दाट रस्सा मोठ्या टोपात हळूहळू निवतो तेव्हा त्यात क्लॉस्ट्रिडियम परफ्रिन्जन्स नावाच्या जंतूला रान मोकळं मिळतं. याचे बीजाणू पहिल्या उकळीतून वाचतात आणि रस्सा कोमट झाला की वाढायला लागतात. त्यातल्या त्यात बरी बातमी ही, की वाढलेले जंतू पुन्हा खळखळून उकळल्यावर मरतात. म्हणून सगळा खेळ "पुन्हा उकळी आली का" यावर आहे. साधारण ५ ते ६० अंशांच्या दरम्यान अन्न जितका वेळ राहील तितका धोका. टोप गाड्यावर आल्यावर त्याच्याखाली आच आहे का, हे आधी बघा.

हे ओळखायला थर्मामीटर लागत नाही. टोपाकडे दोन मिनिटं बघत उभं राहा. रस्सा मध्यापासून बुडबुडे काढत असेल, डाव बुडाशी घालून वर आणला की वाफ उसळत असेल, तर ठीक. वर साय धरलेली असेल, तवंग निवांत पसरलेला असेल, फक्त कडेला एखादा बुडबुडा येत असेल, तर वरून गरम वाटलं तरी आत नुसता कोमट आहे. गॅस वाचवायला मध्येच आच बंद करणारेही असतात. गिऱ्हाईक आलं की पेटवायची, गेलं की विझवायची. तिथे मी पुढे जातो. नारळाचा रस्सा आंबला तर वास लगेच कळतो, पण जंतू वाढले म्हणून वास येतोच असं नाही, त्यामुळे नाकावर सगळी भिस्त ठेवू नका.

वेळही यातच आली. गाडा नुकताच लागलाय आणि टोप अजून तापतोय, अशा वेळी पहिलं गिऱ्हाईक होऊ नका. गाडा भरात असतो तेव्हा टोपाखालची आच सहसा बंद होत नाही आणि डाव सतत फिरत राहतो, म्हणून ती वेळ सगळ्यात बरी. गर्दी म्हणजे स्वच्छता नव्हे, पण गर्दी म्हणजे माल पडून राहत नाही, इतकं मात्र खरं.

तिसरी गोष्ट पाव किंवा पोय, म्हणजे गोव्यातला कोंड्याचा पाव. गोव्यात पदेर सकाळ-संध्याकाळ सायकलवरून भोंगा वाजवत पाव घालतो, त्यामुळे पाव ताजा असतो, आणि कोरडा असल्यामुळे पोटाचा शत्रू नाही. इथे बघायचं ते हातांकडे. ज्या हाताने पैसे घेतले, सुट्टे दिले, त्याच हाताने पाव उचलून ताटलीत ठेवला जातो का? स्टॅफिलोकोकस नावाचा जंतू हातावरच्या जखमेतून, नाकातून अन्नावर येतो आणि त्याने तयार केलेलं विष उकळूनही जात नाही. पैसे घ्यायला वेगळा माणूस असेल, किंवा पैसे गाड्याच्या कडेला ठेवायला सांगत असतील, तर तो गाडा माझ्या यादीत वर जातो.

चौथी गोष्ट वर भुरभुरलेला कच्चा कांदा आणि लिंबाची फोड. तो कांदा संध्याकाळी चिरून ठेवलेला असतो, कधी पाण्यात बुडवून, आणि त्यावर पुन्हा आच येत नाही. नाजूक पोटाला तो एरवीही फुगारा आणतो. सरळ "कांदो नाका" म्हणा. लिंबाने जंतू मरतात ही समजूत सोडून द्या, फोड पिळायचीच तर दोन थेंब चवीपुरती पिळा.

आणि पाचवी गोष्ट, जी मोजली जात नाही: ताटली. बादलीतल्या त्याच त्या पाण्यात बुडवून काढलेली ओली ताटली म्हणजे वरच्या सगळ्या काळजीवर पाणी. ताटली कोरडी मागा, नाहीतर खिशात दोन कागदी रुमाल ठेवून स्वतः पुसा. पार्सलच्या डब्यातही देतात. तुमचा स्वतःचा हात तर त्या रशात बुडणारच आहे, म्हणून आधी साबणाने धुवा. नुसतं सॅनिटायझर प्रत्येक जंतूवर चालत नाही, उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस त्याला फारसा दाद देत नाही.

आता तुमच्या पोटाबद्दल. "बाहेरचं खाल्लं की बिघडतं" यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. एक म्हणजे तिखट, तेल आणि नारळ न मानवणं. यात जंतूंचा संबंध नाही. रात्री जळजळ, सकाळी एक-दोनदा पातळ, आणि मग शांत. दुसरी म्हणजे खरंच अन्न बाधणं. पहिलीसाठी उपाय सोपा: पहिल्या दिवशी अर्धाच रोस घ्या. "रोस मातसो घाल" म्हणा, थोडाच घाल असं त्यांना कळतं. चौरीस पाव पहिल्या दिवशी नको. शिर्क्यात मुरवलेलं, मिरचीने लाल झालेलं, चरबीदार मांस ते. जंतूंचा भाग सोडला तरी नाजूक पोटाला पेलणारं नाही.

रोज सकाळी पॅन्टोप्राझोल किंवा ओमेप्राझोलची गोळी घेणारे बरेच नाजूक पोटवाले असतात. या गोळ्या पोटातलं आम्ल कमी करतात, आणि आम्ल ही जंतूंविरुद्धची आपली पहिली तटबंदी असते. त्यामुळे संसर्गाची शक्यता थोडी वाढते. गोळी मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. पण तुम्ही ती घेत असाल तर कच्च्या गोष्टींबाबत जास्त कडक राहा.

बाधलंच तर कशाने बाधलं, हे ओळखताना घाई होते. माझा मावसभाऊ सांगलीहून आला होता. शुक्रवारी दुपारी किनाऱ्यावर बर्फ घातलेलं सरबत, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि मासे. शनिवारी रात्री आठला रोस ऑम्लेट. साडेनऊला पोटात मुरडा आणि पाण्यासारखे जुलाब. त्याने गाडेवाल्याला शिव्या घातल्या. पण वेळा बघा. स्टॅफिलोकोकसच्या विषाने एक ते सहा तासांत बहुधा उलट्या होतात. कोमट रशाचा जंतू साधारण आठ ते सोळा तास घेतो. प्रवाशांना सगळ्यात जास्त छळणारा ई. कोलाय एक ते तीन दिवस लावतो. दीड तासात मुरडा आणि नुसते पाण्यासारखे जुलाब हे शुक्रवारच्या बर्फाकडे किंवा कोशिंबिरीकडे बोट दाखवतात, ऑम्लेटकडे नव्हे. तपासणीशिवाय छातीठोक सांगता येत नाही, पण शेवटची ताटली हीच गुन्हेगार असं धरून चाललं की खरा चोर सुटतो आणि दुसऱ्या दिवशी माणूस पुन्हा तेच सरबत पितो.

म्हणून पणजीत मी गाड्याच्या रोसापेक्षा बर्फाला जास्त घाबरतो. लिंबूसोडा हवा तर बंद बाटलीतला सोडा समोर फोडायला सांगा, बर्फ नको म्हणा. समोर सोललेलं शहाळं सगळ्यात बिनधोक. सोलकढी चांगली लागते, पण नारळाचं दूध कच्चं असतं, लवकर फिरतं, आणि त्यातलं पाणी कुठलं हे आपल्याला कळत नाही. ती एखाद्या चांगल्या घरी जेवायला गेलात तर प्या.

बांगडा रवा फ्राय पाहून मोह होईल, त्याबद्दल एकच सांगतो. बांगडा बर्फाशिवाय उन्हात राहिला की त्यात हिस्टामिन तयार होतं, आणि कितीही खरपूस तळलं तरी ते जात नाही. घास मिरपुडीसारखा चुरचुरला तर तिथेच थांबा. खाल्ल्यावर तासाभरात चेहरा लाल झाला, डोकं ठणकलं, अंगावर पुरळ आलं, तर लोक त्याला माशाची ॲलर्जी समजतात, पण बहुधा हेच असतं. श्वास घ्यायला त्रास झाला तर वाट बघू नका, लगेच दवाखाना. मासा कच्चा असताना बर्फात ठेवलेला दिसला तरच घ्या. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, तेव्हा मी गाड्यावरच्या माशाकडे वळतच नाही.

सोबत ओआरएसची पाकिटं घेऊन या. २१ ग्रॅमचं पाकीट एक लिटरला आणि छोटं २०० मिलिलिटरला, हे पाकिटावर वाचून घ्या. डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं हवं, फळांच्या चवीची गोड खोकी नव्हेत. ऐन वेळी काही मिळालं नाही तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चमचा चहाचाच. ताप असेल किंवा शौचात रक्त दिसलं तर जुलाब थांबवायची गोळी घेऊ नका, थेट डॉक्टरकडे जा. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी झाली असेल, किंवा दोन दिवसांत उतार नसेल तरीही. पणजीहून बांबोळीचं जीएमसी, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, जवळ आहे, रात्री-अपरात्री वाहन मिळालं नाही तर १०८ लावा.