मरीन ओपन पॉलिसीची रक्कम मधेच वाढवणे

प्रश्न: आम्ही ट्रान्सपोर्टर. १० कोटींची मरीन ओपन पॉलिसी, म्हणजे वर्षभराच्या मालवाहतुकीचा विमा, आहे; सात महिन्यांतच साडेआठ कोटींचा माल गेला. टर्नओव्हर आणि विमा रक्कम वाढवून मिळेल का?

उत्तर: मिळेल, पण उरलेले दीड कोटी संपायच्या आत अर्ज द्या. प्रत्येक डिक्लरेशनने, म्हणजे पाठवलेल्या मालाची किंमत विमा कंपनीला कळवली की, शिल्लक घटते. ती संपल्यावर निघालेल्या ट्रकला संरक्षण नसतं आणि वाढीव प्रीमियम भरल्याशिवाय एन्डॉर्समेंट, म्हणजे पॉलिसीतला हा बदल, लागू होत नाही.

टर्नओव्हर म्हणजे तुमचं भाडं नव्हे, वाहिलेल्या मालाची इन्व्हॉइस किंमत. ट्रान्सपोर्टर इथेच फसतात! महिन्याला सव्वा कोटी धरले तर पाच महिन्यांना सव्वासहा लागतील. दीड कोटी शिल्लक आहेत, म्हणजे पावणेपाच कमी पडतात, म्हणून पाच कोटी वाढवा. दर ०.०३ टक्के असेल तर प्रीमियम १५,००० रुपये, वर जीएसटी. एका ट्रकमधल्या मालाची मर्यादा मात्र यानं आपोआप वाढत नाही, ती अर्जात वेगळी मागा.