तीन पोळ्या आणि चार माणसं: अपूर्णांकांची एक गोष्ट

प्रश्न: माझा मुलगा आठ वर्षांचा आहे. घरातली माणसं रात्री जेवताना पोळ्या वाटून घेतात अशी एखादी गोष्ट सांगून त्याला अपूर्णांक कसे समजावता येतील?

मी तिसरीच्या मुलांना गणित शिकवते. एका पोळीचे दोन भाग करून दोघांना देण्याची गोष्ट मी सांगत नाही, कारण ‘अर्धी’ हे उत्तर मुलांना आधीच ठाऊक असतं आणि विचार करायची वेळच येत नाही. पोळ्या तीन आणि माणसं चार असली की खरी मजा येते. अख्खी पोळी कुणालाच मिळणार नसते, तरी सगळ्यांना सारखं मिळायला हवं असतं. ही गोष्ट जशी सांगते तशीच लिहिते.

रात्रीचं जेवण चाललं होतं. बाबा, सई आणि ओम पानावर बसले होते, आई पोळ्या करत होती. शेवटच्या तीन पोळ्या डब्यात आल्या. बाबांनी एक सईला वाढली, एक ओमला आणि एक स्वतः घेतली. गॅस बंद करून आई जेवायला बसली आणि तिने डबा उघडला, तर डबा रिकामा!

“असू दे, मी भात खाते,” आई म्हणाली.

“अजिबात नाही,” सई म्हणाली. “आम्ही तिघं आमच्यातली थोडी थोडी तुला देतो.”

ओमने पोळीच्या कडेला बोट ठेवलं. “एवढी देऊ?” तो तुकडा जेमतेम एका घासाचा होता. बाबा तर अर्धी पोळी तोडायलाच निघाले. सईने त्यांचा हात धरला. “बाबा, थांबा. चौघांनाही सारखी मिळायला हवी. आधी ठरवू या, प्रत्येकाने किती द्यायची.”

ओम म्हणाला, “पोळीचे तीन सारखे भाग करू आणि एक एक भाग आईला देऊ. देणारे आपण तिघंच आहोत ना?”

इथे गोष्ट थांबवा आणि मुलाला विचारा, ओमचं बरोबर आहे का? घाई करू नका. बरीच मुलं आधी ‘हो’ म्हणतात. त्यांना चूक सांगू नका, पुढे वाचा.

सईने बोटांवर मोजलं. “तीन भागांतला एक दिला, तर माझ्याकडे दोन उरतील. बाबांकडे दोन, तुझ्याकडे दोन. आणि आईकडे?”

“तीन,” ओम म्हणाला. “अरेच्चा! आईला जास्त झाली.”

“मग चार भाग करून बघू. एक दिला की माझ्याकडे तीन उरतात. तुझ्याकडे तीन, बाबांकडे तीन. आणि आईला प्रत्येकाकडून एक, म्हणजे…”

“तीन! सगळ्यांना तीन तीन!” ओम ओरडलाच.

आता पोळीचे चार सारखे भाग करायचे होते. आईने सईची पोळी हातात घेतली आणि मधोमध दुमडली. कडेवर कड नीट बसली नव्हती, म्हणून तिने पोळी थोडी सरकवून पुन्हा दुमडली. मग त्या अर्ध्या पोळीची आणखी एक घडी घातली. उघडल्यावर पोळीवर एकमेकींना छेदणाऱ्या दोन घड्या दिसत होत्या आणि त्यांच्यामध्ये चार भाग. घडीवरून एक भाग तोडून सईने तो आईच्या ताटात ठेवला. मग बाबांनी आणि ओमनेही तसंच केलं.

ओमने सगळ्यांच्या ताटांत डोकावून पाहिलं आणि त्याचं तोंड उतरलं. “आईकडे तीन तुकडे आहेत आणि माझ्याकडे एकच!”

सई काही बोलली नाही. तिने आईचे तीन तुकडे टोकाला टोक लावून ताटात मांडले. एका बाजूला पाव पोळीएवढी जागा मोकळी राहिली. शेजारी ओमचं ताट होतं. त्याच्या पोळीतही तेवढीच जागा मोकळी होती.

“म्हणजे आईची पाऊण आणि माझीपण पाऊणच,” असं म्हणून ओमने पहिला घास तोडला.

गोष्ट इथे संपते. खऱ्या पोळीवर करून बघायचं असेल तर ताजी, मऊ पोळी घ्या. पोळी गार होऊन कडक झाली की घडीवर तडकते आणि तुकडे लहानमोठे होतात. तुकडे सारखे झाले की नाही, हे मुलाला एकावर एक ठेवून बघू द्या.

मी लिहायला सुरुवात करते ती हे सगळं झाल्यावर. एका तुकड्याला पाव म्हणायचं आणि १/४ लिहायचं. खालचा ४ म्हणजे छेद, अख्ख्या पोळीचे किती सारखे भाग केले ते. वरचा १ म्हणजे अंश, त्यांतले किती घेतले ते. आईच्या ताटात असे तीन आहेत, म्हणून ३/४.

आता एक नेहमीची चूक. १/४ + १/४ + १/४ लिहिलं की काही मुलं वरचे आकडे मिळवतात, खालचेही मिळवतात आणि ३/१२ लिहितात. नियम सांगण्याआधी ताटाकडे बोट दाखवा आणि विचारा, “३/१२ म्हणजे एका पोळीचे बारा तुकडे करायचे आणि त्यांतले तीन घ्यायचे. आईकडे तेवढीच आहे का?” बारा तुकड्यांतले तीन म्हणजे जेमतेम पाव पोळी. आईच्या ताटात तर त्याच्या तिप्पट आहे. तुकडे एकत्र आले म्हणून त्यांचा आकार बदलत नाही. पाव तुकडा पावच राहतो आणि खालचा ४ तसाच राहतो. हे ताटावर एकदा दिसलं की मूल आपली चूक स्वतःच खोडतं, असा माझा अनुभव आहे.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. गोष्टीतल्या तिन्ही पोळ्या एकाच मापाच्या आहेत, हे सुरुवातीलाच सांगा. उरलेल्या कणकेची एक छोटी पोळी केली, तर तिचा पाव भागही छोटाच होणार. मग आईला तीन तुकडे मिळूनही तिची पोळी सईच्या पाऊण पोळीपेक्षा कमी भरेल. ‘पाव’ म्हटलं की ‘कशाचा पाव?’ हा प्रश्न मुलाच्या तोंडी बसू द्या.

घडी घालण्याची युक्ती दोन, चार आणि आठ भागांपर्यंत छान चालते. तीन किंवा पाच सारखे भाग घडीने अंदाजानेच होतात, म्हणून पहिल्या गोष्टीत पाच माणसं घेऊ नका. ती गणितं नंतर कागदाच्या पट्टीवर करा. पट्टीवर मोजपट्टीने खुणा करता येतात. १५ सेंटिमीटरची पट्टी घेतली तर तीन भाग पाच पाच सेंटिमीटरचे होतात आणि पाच भाग तीन तीन सेंटिमीटरचे.

आणखी एक प्रश्न दुसऱ्या दिवसासाठी ठेवा: सहा पोळ्या आणि आठ माणसं असतील तर प्रत्येकाला किती? काही मुलं सहाही पोळ्यांचे तुकडे करायला बसतात. काही जण सरळ सांगतात की सईच्या घरासारखी दोन घरं शेजारी शेजारी बसवू, प्रत्येकी पाऊणच येणार. दोन्ही पद्धती पूर्ण करू द्या. तुकडे करणाऱ्याने पोळीचे आठ आठ भाग केले असतील, तर त्याच्याकडे ६/८ येईल. तेव्हा त्याचे सहा तुकडे आईच्या तीन तुकड्यांवर ठेवून बघायला सांगा.