ओल चढते, की उतरते?

«घराचं काम चालू आहे. कागदावर ‘डॅम्प प्रूफ कोर्स’ आणि ‘ड्रिप मोल्ड’ असं लिहिलंय. यांना मराठीत काय म्हणायचं? ड्रिपला ‘वळचण’ चालेल का? आणि दोन्ही पाणीच अडवतात, तर एकच शब्द का नको?»

वळचण नको. वळचण ही जागा आहे, छपराच्या कडेखालची, जिथे पावसात माणसं आणि कुत्री दोन्ही उभी राहतात. त्या कडेवरून जी धार किंवा थेंबांची रांग सुटते ती पागोळी. ड्रिप म्हणजे छज्जाच्या पोटाला कडेलगत ठेवलेली खाच, आणि तिचं काम म्हणजे पागोळी हव्या त्या जागी पाडणं. म्हणून मी तिला ‘पागोळीची खाच’ म्हणेन, आणि खाचेऐवजी खाली उतरलेली पट्टी काढली असेल तर ‘पागोळीपट्टी’. ‘पाणीपट्टी’ मात्र म्हणू नका, ती नगरपालिका घेते.

एकच शब्द का नको, याचं उत्तर आपल्या क्रियापदांतच आहे. जमिनीतली ओल चढते, पावसाची ओल झिरपते किंवा उतरते. जोत्यावरचा डॅम्प प्रूफ कोर्स चढणाऱ्या ओलीसाठी असतो. इथला ‘कोर्स’ म्हणजे थर, वीटकामात गवंडी मोजतो तोच. (एका भाषांतरात मी ‘ओलसर पुरावा अभ्यासक्रम’ वाचलेलं आहे.) ‘दमट’ हवेला शोभतं, पापड सादळतात, भिंतीला ओल येते, तेव्हा ‘ओलरोधक थर’ नेमका आहे. साइटवर सगळे ‘डीपीसी’च म्हणतात.

हा थर जोत्याच्या माथ्यावर, भिंत सुरू होण्याआधी, भिंतीच्या पूर्ण रुंदीवर घालतात. साधारण दीड-दोन इंच जाडीचं घट्ट काँक्रीट, त्यावर बहुधा डांबराचा हात. वीट आणि जांभा दोन्ही सच्छिद्र, त्यामुळे दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं पाणी वर चढतं. ‘वळचणीचं पाणी आढ्याला’ ही आपण अशक्य गोष्टीसाठी वापरतो ती म्हण. आढ्यापर्यंत नाही, पण दोन-तीन फूट पाणी खरंच चढतं. तिथे ते सुकतं, क्षार मागे राहतात आणि लोणा लागतो. थर चांगला असूनही कधी कधी हे होतं, कारण नंतर अंगणात भराव घालून फरशी वर आणतात आणि थर मातीखाली जातो. बाहेरची माती थरापेक्षा किमान सहा इंच खाली हवी.

खाचेची गोष्ट आणखी नाजूक. छज्जाच्या कडेवर आलेलं पाणी सरळ खाली पडेल असं आपल्याला वाटतं. ते पडत नाही. ते काँक्रीटला चिकटून कडेला वळसा घालतं आणि छज्जाच्या पोटावरून उलटं चालत भिंतीपर्यंत येतं. मध्ये खाच लागली की पाण्याला तिच्यात वर चढून पलीकडे जाता येत नाही. ते खाचेच्या बाहेरच्या धारेवर जमतं, थेंब जड होतो आणि गळतो. म्हणून ती धार तीक्ष्ण लागते. खाच अर्धा इंच रुंद, तितकीच खोल, कडेपासून इंचभर आत ठेवतात. दोन्ही टोकांना छज्जा भिंतीला टेकत असेल, तर खाच भिंतीच्या इंच-दोन इंच आधी थांबवावी, नाहीतर तीच पन्हळ होऊन पाणी भिंतीत नेऊन सोडते.

आमच्या कोकणातल्या घरी रंगकाम झालं त्या वर्षी आषाढात माजघराच्या खिडकीवर हातभर रुंदीचा डाग उमटला. आधी गच्चीवर संशय, मग तडा शोधून झाला. पाऊस थांबला की चार-पाच दिवसांत डाग फिका पडायचा, आणि लोणा अजिबात नाही. म्हणजे ही ओल चढलेली नव्हती. शेवटी छज्जावर तांब्याने पाणी ओतलं आणि खालून बघत बसलो. पाणी पोटावरून सरळ भिंतीकडे निघालं. रंगाऱ्याने भोकं बुजवावीत तशा निष्ठेने पूर्ण खाच पुट्टीने भरून, घासून गुळगुळीत केली होती! भिंतीवर तर उपाय काहीच करावा लागला नाही. कटरने खाच पुन्हा मोकळी केली, पुन्हा तांब्या ओतला, आणि कडेलगत पागोळ्यांची सरळ रांग पडली.

गवंड्याशी बोलताना मात्र ‘ड्रिप’च म्हणा. ‘पागोळीची खाच’ म्हटलंत तर समजेल त्याला, पण आधी तो छपराकडे बघेल.