राखाडी, वादळी दिवसाच्या फोटोला तिरकस कॅप्शन

प्रश्न: मरीन ड्राइव्हवर काढलेला फोटो टाकायचाय. आकाश आणि समुद्र एकाच राखाडी रंगाचे, लाटा कठड्यावरून उडतायत, कोपऱ्यात माझा मित्र उलटी झालेली छत्री धरून उभा. मला सुचलेलं कॅप्शन: "आभाळ रडतंय, समुद्र चिडलाय, आणि मी निःशब्द... 💙☔" पण हे फारच गोड होतंय. उदासपणा तसाच ठेवून चेहरा न हलवता केलेला विनोद हवाय. काय लिहू?

उत्तर:

मी हे टाकलं असतं:

"समोर मलबार हिल असल्याचे सांगण्यात येते."

बाकी काही नाही. इमोजी नाही, उद्गारचिन्ह नाही, तीन टिंबं तर मुळीच नाहीत.

आता तुमच्या ओळीचं काय बिघडलंय ते बघू. आभाळ रडतंय हे फोटोत दिसतंय. समुद्र चिडलाय हेही दिसतंय. म्हणजे बघणाऱ्याला जे आधीच कळलंय तेच तुम्ही जरा चढ्या आवाजात पुन्हा सांगताय. आणि खरोखर निःशब्द झालेला माणूस कॅप्शन लिहायला बसत नाही. वादळाच्या फोटोत आरडाओरडा भरपूर असतो, तो समुद्र करतोय तेवढा पुरे. विनोद तयार होतो तो फोटो एवढा गोंधळ घालत असताना खालची ओळ तलाठी कार्यालयातून आल्यासारखी शांत असते, त्या तफावतीतून.

मग त्या ओळीत लिहायचं काय? माझं उत्तर असं की जे फोटोत दिसत नाही ते लिहायचं. राखाडी दिवसाचं मुख्य काम वस्तू गायब करणं हे आहे. नरिमन पॉइंटच्या बाजूने उभं राहिलं की एरवी उजवीकडे गिरगाव चौपाटीची वळलेली कड दिसते आणि पाण्यापलीकडे मलबार हिलचे टॉवर. तुमच्या फोटोत तिथे काहीच नाही. मुंबईतल्या सगळ्यात महागड्या वस्त्यांपैकी एक ढगाने गिळलीय आणि कुणाची काही तक्रार दिसत नाही. गंमत तिथे आहे. म्हणून फोटो हातात आला की पहिला प्रश्न स्वतःला हाच विचारायचा: या ढगाने माझं काय नेलं?

महाबळेश्वरला आषाढात गेलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. हॉटेलवाला पॉइंटांची यादी देतो, टॅक्सीवाला प्रत्येक पॉइंटवर इमाने इतबारे गाडी थांबवतो, आणि प्रत्येक रेलिंगपलीकडे तोच पांढरट कापूस. अशा फोटोला मला आवडलेलं कॅप्शन:

"सनसेट पॉइंट. सूर्यास्त झाला असावा."

यात सगळं काम "असावा" करतो. आपल्याकडे या कामासाठी क्रियापदांची तयार फौज आहे आणि ती आपण पुरेशी वापरत नाही. "असावा", "म्हणे", "असल्याचे समजते", "करण्यात येत आहे", "सांगण्यात येते". वर्तमानपत्रांनी आणि सरकारी परिपत्रकांनी ही रूपं इतकी घासून गुळगुळीत केलीत की त्यांत बोलणारा माणूसच उरत नाही. वादळासमोर माणूस उरलेला नसणं हीच आपल्याला हवी असलेली उदासी. शिवाय मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे वाक्याची कलाटणी आपोआप शेवटच्या शब्दावर पडते. त्यानंतर काहीही लिहिलं की ती मेली. "सूर्यास्त झाला असावा असं वाटतंय बहुतेक 😂" हे वाचून बघा. अर्थ तोच आहे, पण लिहिणारा स्वतःच आधी हसून मोकळा झालाय.

पुणेरी पाट्या ज्यांनी उभं राहून वाचल्यात त्यांना ही गोष्ट माहीत असते. चांगल्या पाटीत चिडचिड अजिबात दिसत नाही, फक्त माहिती असते. चिडचिड वाचणाऱ्याने आपली आपण समजून घ्यायची असते. (हल्ली पाट्या म्हणून जे फॉरवर्ड फिरतं त्यातलं निम्मं कुणीतरी सोफ्यावर बसून लिहिलेलं असतं, आणि ते ओळखू येतं, कारण ते हसवण्यासाठी धडपडतं.)

आता तुमच्या मित्राच्या छत्रीकडे येऊ. खरं तर फोटोतली सगळ्यात मोठी मालमत्ता तीच आहे. इथे मला सुचलेला प्रवास दाखवतो. पहिला विचार आला तो असा: "वाऱ्यापुढे छत्रीने हात टेकले." बरं आहे, पण छत्रीला माणूस केलं की आपण पुन्हा "आभाळ रडतंय"च्याच गल्लीत शिरतो. मग सरळ केलं: "छत्री उलटी झाली." हे फोटोत दिसतंयच, म्हणजे बाद. मग छत्री उलटी होण्याच्या आधीचं काहीतरी सांगावं असं वाटलं, कारण ते फोटोत नाही:

"छत्री नेली होती."

तीन शब्द, भूतकाळ, तक्रार शून्य. आणि त्यातच थोडी घरगुती भर घातली तर:

"आईने सांगितल्याप्रमाणे छत्री नेली होती."

यातलं कुठलं घ्यायचं ते फोटो कुठे टाकताय त्यावर ठरवा. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला, जिथे मावश्या-काकवा बघणार, तिथे आईवालं चालेल आणि त्यावर आईचं उत्तरही येईल. इन्स्टाग्रामला मी छोटं ठेवीन. "सांगितल्याप्रमाणे" हा शब्द मात्र हलवू नका. "आईने सांगितलं म्हणून" केलं की आईला बोल लागतो. "प्रमाणे" म्हटलं की आपण आज्ञाधारकपणे अहवाल सादर करतोय असं होतं.

मलबार हिल आणि छत्री ही दोन्ही एका कॅप्शनमध्ये कोंबू नका. दोन विनोद शेजारी ठेवले की दुसरा पहिल्याचा खुलासा केल्यासारखा वाटतो. तुमचा मित्र फोटोत मोठा दिसत असेल तर छत्री घ्या. तो कोपऱ्यातला ठिपका असेल आणि बाकी सगळा राखाडी पडदा असेल तर मलबार हिल. छत्रीवाला अनोळखी माणूस असता तर मी छत्रीचा विचारच केला नसता. आपला मित्र भिजला तर गंमत असते. परक्या माणसाची फजिती आपल्या पानावर लावणं वेगळं.

जागेचा टॅग हा अर्धं वाक्य असतो, तो फुकट घालवू नका. इन्स्टाग्रामवर जागेचं नाव फोटोच्या वर दिसतं आणि कॅप्शन खाली. सनसेट पॉइंटचा टॅग लावला असेल तर खाली फक्त "झाला असावा." पुरतं. तसंच, फीडमध्ये कॅप्शनच्या सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, पुढचं "more" मागे जातं. तिरकस ओळ त्या पडद्यामागे गेली तर गेलीच, तिच्यासाठी कुणी बोट हलवत नाही. हॅशटॅग लावायचेच असतील तर पहिल्या कमेंटमध्ये टाका. "#rainlove" शेजारी बसलं की "सांगण्यात येते"चा गंभीर चेहरा टिकत नाही.

फोटोवर हात चालवताना एक सावधगिरी. एडिटिंग ॲपमध्ये धुकं कमी करणारी "Dehaze" नावाची पट्टी असते. ती उजवीकडे सरकवली की धूसर भागातला काळा-पांढरा फरक वाढतो आणि मागचे टॉवर हळूहळू डोकं वर काढतात. म्हणजे तुमच्या कॅप्शनचा आधारच गेला. रंग गडद करणारी पट्टीही नको, तिने राखाडी समुद्र उगाच निळा होतो आणि पर्यटन महामंडळाची जाहिरात झाल्यासारखं वाटतं. फोनच्या ऑटो दुरुस्तीने आधीच उजळवला असेल तर उजेड थोडा खाली घ्या. आकाश कापू नका. जितका रिकामा राखाडी भाग जास्त, तितकी खालची ओळ एकटी आणि गंभीर दिसते.

हवामान खात्याच्या भाषेतही चांगला माल आहे. खातं इशारे चार रंगांत देतं: हिरवा, पिवळा, नारिंगी, लाल. यावर:

"हवामान खात्याच्या चार रंगांत हा रंग नाही."

हे मला बऱ्यापैकी आवडतं, कारण ते खरं आहे आणि त्यात कुणाला टोमणा नाही. चोवीस तासांत 64.5 मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तर खातं "मुसळधार" म्हणतं, 115.6 पासून पुढे "अति मुसळधार" आणि 204.4 च्या वर "अत्यंत मुसळधार". यावरून "खात्याच्या मते मुसळधार, आमच्या मते सोमवार" असं काहीतरी लगेच सुचतं. सुचू द्या, पण टाकू नका. "यांच्या मते अमुक, आमच्या मते तमुक" हा साचा इतका वापरून झालाय की वाचणारा दुसरा भाग यायच्या आधीच पुढे सरकतो.

एवढं सगळं सांगितल्यावर एक अट. टाकण्याआधी त्या दिवसाची बातमी बघा. लाल इशारा असेल, भरतीच्या वेळी चौपाटीवरून कुणी वाहून गेल्याची बातमी असेल, तर तो फोटो त्या दिवशी राहू द्या. 3 जून 2020 ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला धडकलं. मुंबई त्या मानाने थोडक्यात सुटली, तिकडे श्रीवर्धन, दिवेआगरच्या सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या. सुपारीचं झाड उत्पन्न द्यायला काही वर्षं घेतं, म्हणजे एका दुपारीत पुढची कित्येक वर्षं गेली. त्या दिवशी मरीन ड्राइव्हवरून उलट्या छत्रीचा फोटो आणि खाली तिरकस ओळ, हे तिकडच्या माणसाने बघितलं तर त्याला काय वाटेल ते सांगायला नको. हा विनोद गैरसोयीच्या पावसासाठी आहे. लोकल वीस मिनिटं उशिरा, बूट ओले, दृश्य गायब, एवढ्यापुरता.

आणि पोस्ट टाकल्यावर कमेंट येतीलच. "वा, काय रोमँटिक वातावरण! भजी खाल्लीस की नाही?" असं कुणी विचारलं तर उत्तर "नाही." एवढंच द्या. "काळजी घे रे" असं कुणी लिहिलं तर मात्र तिरकसपणा बाजूला ठेवून सरळ "घेतो" म्हणा.