लिंक्डइनवर व्हिडिओ एडिटरने कामाचे नमुने कसे दाखवावेत?

प्रश्न: मी व्हिडिओ एडिटर आहे. लिंक्डइन प्रोफाइलवर शोरील टाकली आहे, पण कुणी विचारतच नाही. काय चुकतंय?

उत्तर: नुसत्या शोरीलवरून त्यातलं तुमचं काम कुठलं, हे कळत नाही. शूटिंग छान असेल तर श्रेय कॅमेरामनला जातं.

Featured विभागात शोरीलच्याही आधी एकाच कामाची गोष्ट ठेवा. मी एका मसालेवाल्याच्या जाहिरातीची चार पानी पीडीएफ केली होती. पहिल्या पानावर अडचण: तीन तासांचं फुटेज, हवी 40 सेकंदांची जाहिरात, मालकांचं बोलणं लांबलचक. दुसऱ्यावर टाइमलाइनचा स्क्रीनशॉट. तिसऱ्यावर एकच फ्रेम, रंग दुरुस्तीच्या आधी आणि नंतर. चौथ्यावर यूट्यूबची लिंक आणि एक ओळ: ‘एडिट, रंग आणि साउंड माझं, शूट दुसऱ्यांचं.’ त्यानंतरचे फोन बहुतेक त्या तिसऱ्या पानाबद्दलच आले!

पीडीएफ मोबाइलवर उघडून बघा. टाइमलाइनवरची अक्षरं वाचता येत नसतील तर तेवढाच भाग कापून मोठा करा. आणि हो, टाकण्याआधी क्लायंटची लेखी परवानगी घ्या, व्हॉट्सॲपवरची चालेल. जाहिरात प्रसिद्ध होण्याआधी फ्रेम दाखवल्याबद्दल मी एकदा बोलणी खाल्ली आहेत.