सभासदांची शेकडो उत्तरं एका पानात कशी आणावीत?

प्रश्न: आमच्या छोट्या संस्थेने सभासदांना ‘काय बदल हवा?’ असं मोकळं विचारलं. दोनशेच्या आसपास उत्तरं आलीत. किती जण काय म्हणतात, हे कार्यकारिणीला एका पानात कसं दाखवू?

उत्तर: कोल्हापुरात आमचं पेठेतलं वाचनालय आहे, वर अभ्यासिका. आम्हीही हाच प्रश्न विचारला होता. 164 फॉर्म परत आले. त्यातले 27 कोरे किंवा ‘सगळं छान आहे’ एवढंच लिहिलेले होते. ते आधी बाजूला मोजून ठेवले, म्हणजे खरं वाचायचं उरलं 137.

मुद्दे आधी ठरवून बसू नका. पहिली चाळीस उत्तरं नुसती वाचा आणि समोर कागदावर लोकांच्याच शब्दांत टिपत जा. मग मुद्दे ठरवा. प्रत्येक मुद्द्याखाली एक ओळ लिहा: यात काय धरायचं, काय नाही. ही ओळ आम्ही सुरुवातीला लिहिली नव्हती आणि तिथेच फसलो. ‘सोयी’ नावाचा एक मुद्दा केला होता. त्यात पंखे आले, पाणी आलं, सायकली लावायची जागाही आली. तीस उत्तरं मी आणि एका सहकारी बाईंनी एकमेकांचं न बघता वेगवेगळी लावली, तेव्हा आठ ठिकाणी आमचं जमलं नाही, आणि त्यातली सहा या ‘सोयी’वरूनच. मग तो मुद्दा मोडला. तुम्हीही एवढी तपासणी करा. तासाभराचं काम आहे. दोघांचं जिथे वारंवार बिनसतं, तिथे माणसं चुकत नसतात, मुद्दा सैल असतो.

मोजायला एक्सेल पुरतं. एक फॉर्म म्हणजे एक ओळ, एक मुद्दा म्हणजे एक रकाना, आणि त्या उत्तरात मुद्दा असेल तर 1. एकाच माणसाने तीनदा ‘वेळ वाढवा’ लिहिलं तरी 1च, कारण आपण माणसं मोजतोय. शब्द शोधून आपोआप मोजायच्या मोहात पडू नका. ‘जागा’ शोधलं की ‘जागेची अडचण’ सुटते आणि ‘गाडी लावायला जागा’ आत येते. शिवाय ‘बसाय मिळत न्हाई’ लिहिणाऱ्याने तो शब्द वापरलेलाच नसतो.

आमचे आकडे असे आले: वेळ 52, बसायची जागा 41, आवाज 29, नवी पुस्तकं 24, उजेड-पंखे 17, इतर 9. बेरीज 172 होते, कारण एकेकाने दोन-दोन गोष्टी लिहिल्या. हे पानावर स्पष्ट लिहा, नाहीतर खजिनदार पहिला प्रश्न हाच विचारतात. ‘इतर’ फार फुगलं तर त्यात एखादा मुद्दा लपलेला आहे असं समजून ते पुन्हा वाचा.

आता ‘आवाज’ बघा. आकडा 29, म्हणजे साधारण पाचांत एक. पण फॉर्मवर वयोगट होता, म्हणून वेगळं काढून पाहिलं. आमच्या एक्सेलमध्ये D रकान्यात ‘आवाज’ आणि H रकान्यात वयोगट होता:

```
=COUNTIFS(D2:D165,1,H2:H165,"विद्यार्थी")
=COUNTIFS(D2:D165,1,H2:H165,"ज्येष्ठ")
```

विद्यार्थी 17, ज्येष्ठ 12. स्पर्धा परीक्षेची मुलं म्हणत होती की पेपर वाचायला येणारी मंडळी मोठ्याने गप्पा मारतात. ज्येष्ठ म्हणत होते की पोरांचे मोबाइल वाजतात आणि जिन्यात चर्चा चालतात. ‘29 जणांना शांतता हवी’ असं लिहिलं असतं तर आकडा बरोबर आणि अर्थ चुकीचा झाला असता. म्हणून मुद्द्याच्या नावातच तक्रारीचा रोख येऊ द्या: ‘पेपर विभागातल्या गप्पा’, ‘मोबाइल आणि जिन्यातली चर्चा’.

पानावर टक्के नकोत. 52 भागिले 137 म्हणजे 37.96 टक्के, पण तेवढी अचूकता या कामात नाही. दुसऱ्याने लावलं तर दोन-चार इकडे-तिकडे होतीलच. ‘137 पैकी सुमारे 50, म्हणजे दर पाचांत दोघे’ असं लिहा. खाली एक-दोन उत्तरं नमुन्याला द्या, पण लिहिणारा ओळखू येईल असा तपशील काढून. छोट्या संस्थेत लोक एकमेकांना वाक्यावरून ओळखतात.

एक उत्तर कुठल्याच मुद्द्यात बसत नव्हतं. जिन्यातला दिवा लागत नाही, म्हणून संध्याकाळी येणं बंद केलं, असं एका बाईंनी लिहिलं होतं. संख्या एक, पण ‘इतर’मध्ये गाडण्यासारखं नव्हतं. ‘लगेच बघण्यासारखं’ म्हणून पानाच्या वरच घेतलं.

आणि 52 जणांनी वेळेबद्दल लिहिलं, याचा अर्थ उरलेल्या 85 जणांना आहे ती वेळ पसंत आहे असा नाही. त्यांना ते त्या क्षणी सुचलं नाही, इतकंच. आम्ही मोठ्या मुद्द्यावर नंतर साधा हो-नाहीचा प्रश्न सगळ्यांना विचारला: ‘सकाळी सहाला उघडलं तर आठवड्यातून तीन दिवस तरी याल का?’ लवकर उघडण्यासाठी नोकराचा पगार वाढवायचा की नाही, ते त्या दुसऱ्या आकड्यावर ठरलं.