खंडव्याचा वितरक नेमण्यापूर्वी

«सांवेर रोडवर आमचा मसाल्यांचा छोटा कारखाना आहे. इंदुरात माल बरा चालतो. आता खंडवा, बुऱ्हाणपूर आणि धारला वितरक नेमायचे आहेत. जो भेटतो तो आधी उधारीचे विचारतो आणि लगोलग सगळा जिल्हा मागतो. खात्रीचा माणूस ओळखायचा कसा, आणि तो पुढे टिकवायचा कसा?»

मीही मसाल्यांच्याच धंद्यात आहे आणि इंदुराबाहेर नेमलेला आमचा पहिला वितरक सपशेल चुकला होता, म्हणून तेथूनच सुरुवात करते. रतलामच्या बाजूच्या एका गावात आम्ही सर्वांत मोठे गोदाम असलेला माणूस निवडला. त्याच्याकडे आधीच एका मोठ्या कंपनीचे मसाले होते, आणि आम्हाला तेच त्याच्या योग्यतेचे प्रमाणपत्र वाटले. मार्चअखेर त्याने चार लाखांचा माल एकदम उधारीवर भरून घेतला. आम्ही घरी पेढे वाटले. पावसाळ्यानंतर मी स्वतः त्या गावात गेले आणि तीस दुकाने फिरले, तेव्हा आमचे पाकीट फक्त सहा दुकानांत दिसले, आणि त्या पाकिटांवरचे बॅच नंबर मार्चमधल्या पहिल्या गाडीचेच होते. बाकी माल गोदामाच्या मागच्या भिंतीला लागून पडला होता. तिखटाचा रंग उतरला होता आणि धणेपुडीला कीड लागली होती. त्या गृहस्थाने आमची एजन्सी विकण्यासाठी घेतलीच नव्हती. ती दुसऱ्या कोणाला मिळून आपल्या मोठ्या कंपनीला स्पर्धा होऊ नये, एवढ्यासाठी घेतली होती.

तेव्हापासून मी वितरक शोधायला वितरकांकडे जात नाही, किराणा दुकानांत जाते. खंडव्यात दोन दिवस मुक्काम करा आणि बाजारातली तसेच वस्त्यांमधली मिळून तीसेक दुकाने पाहा. आपला माल विकायला आलो आहोत, हे पहिल्या दिवशी सांगू नका. विचारायचे एवढेच की ठरलेल्या वारी न चुकता कोणाचा माणूस येतो, फुटलेले पाकीट कोण कुरकुर न करता बदलून देतो, आणि वसुलीला कोण भांडत नाही. दुपारपर्यंत तीच दोन-तीन नावे पुन्हा पुन्हा कानावर येऊ लागतात. मला एका दुकानदाराने सांगितलेले अजून आठवते: “बड़े सेठ का लड़का तो फोन पर ऑर्डर लेता है भाभीजी, ये वाला खुद आकर डब्बा खोलकर देखता है।” तो ‘ये वाला’ म्हणजेच आपला माणूस. असा माणूस बहुधा गावात दुसऱ्या किंवा तिसऱ्या क्रमांकाचा असतो, त्याच्याकडे बिस्कीट, साबण, चहा अशा तीन-चार कंपन्या असतात पण मसाला नसतो, आणि फेरीवर त्याचा भाऊ किंवा मुलगा स्वतः जातो.

नाव हाती आले की त्याचा जीएसटी क्रमांक मागा आणि gst.gov.in वरील Search Taxpayer मध्ये तो घालून पाहा. नोंदणी कधीची आहे आणि विवरणपत्रे कोणत्या तारखांना भरली आहेत, हे तेथे कोणालाही दिसते. दर महिन्याचे विवरण दोन-दोन महिने उशिरा भरणाऱ्याच्या हातात पैसा खेळता नाही, एवढा अंदाज त्यावरून सहज येतो. खाद्यपदार्थांची साठवण आणि विक्री करणाऱ्या वितरकाकडे उलाढालीप्रमाणे एफएसएसएआयची नोंदणी किंवा परवाना लागतो; तोही पाहून घ्या. यापेक्षा जास्त कागदपत्रे पाहण्यात मला अर्थ वाटत नाही. गोदामात मात्र अवश्य डोकवा. मागच्या रांगेतल्या खोक्यांवर धूळ असेल, तर आपल्या खोक्यांवरही बसणार.

आता सर्वांत महत्त्वाचे, आणि बहुतेक छोटे कारखानदार येथेच चुकतात. आपण त्याला आठ टक्के मार्जिन देतो, म्हणजे त्याचे भले होते, असे आपण धरून चालतो. पण वितरक टक्केवारीवर जगत नाही, गुंतवलेला पैसा किती फिरतो यावर जगतो. खंडव्याचा हिशोब मी नेमणुकीपूर्वी आमच्या तेथल्या वितरकांच्या समोर बसून, त्यांच्याच वहीत मांडला होता. महिन्याला दीड लाखाचा माल खपेल असे धरले, तर आठ टक्क्यांनी १२,००० रुपये सुटतात. फेरीच्या मुलाच्या पगारातला आमच्या मालाचा वाटा ४,०००, लोडिंग रिक्षाचे २,५००, गोदामभाडे आणि तूटफूट मिळून १,०००. म्हणजे हातात ४,५०० उरतात. यासाठी गोदामात सुमारे वीस दिवसांचा म्हणजे एक लाखाचा माल आणि बाजारात १,२०,००० रुपयांची उधारी, असे दोन लाख वीस हजार अडकतात. महिन्याला दोन टक्क्यांच्या आसपास सुटतात, आणि त्यात माणूस खूश असतो.

आता त्याच माणसाच्या गळ्यात आपण स्कीम दाखवून तीन लाखांचा माल मारला तर काय होते, ते पाहा. विक्री तेवढीच राहते, गुंतवणूक चार लाख वीस हजारांवर जाते आणि परतावा जेमतेम एक टक्क्यावर येतो. बाजारात व्याजाने दिले तरी याहून जास्त मिळतील, असे त्याच्या मनात येते. तो तोंडाने तसे म्हणत नाही. फेरीच्या मुलाला हळूच दुसऱ्या कंपनीच्या मालावर लावतो. उलट बाजूने, खप पाऊण लाखावरच अडला तर सुटतात ६,००० आणि खर्च मात्र जवळजवळ तेवढाच राहतो, कारण मुलगा आणि रिक्षा अर्धी होत नाही. म्हणजे तो दरमहा पदरचे घालतो. म्हणून नव्या गावात पहिले चार-सहा महिने फेरीच्या मुलाच्या पगारातला आमचा वाटा आम्ही भरतो. मार्जिन दोन टक्क्यांनी वाढवण्यापेक्षा हे स्वस्त पडते. शिवाय वाढवलेले मार्जिन पुढे कधी कमी करता येत नाही, आणि निम्मे ते दुकानदाराला भाव तोडून देण्यातच जाते.

जिल्हा मागणाऱ्याला हाच हिशोब दाखवावा. लांबच्या तालुक्याच्या गावी रिक्षा पाठवायची तर तेथून किती रुपयांची ऑर्डर निघेल, हे त्याला विचारले की तो स्वतःच शहरापुरते थांबायला तयार होतो. आम्ही पत्रात फक्त खंडवा शहर लिहिले, मुदत सहा महिने ठेवली आणि शंभर दुकानांत माल नियमित लागला की पुढच्या तालुक्याचा पहिला विचार तुमचाच, असे नमूद केले.

उधारीबद्दल माझे मत कडक आहे, पण नकार देण्याचे नाही. पहिली खेप लहान, वीस दिवसांत संपेल एवढीच द्यावी, आणि तीही निम्मे पैसे आधी घेऊन. त्यानंतर बिलावर बिल, म्हणजे मागच्या खेपेचे पैसे जमा झाल्यावरच पुढची गाडी निघेल, असा नियम ठेवावा. त्यामुळे आपली बाकी एका खेपेच्या वर कधीच जात नाही. तुमची उद्यम नोंदणी असेल, तर २००६ च्या एमएसएमई कायद्यानुसार लेखी करार असतानाही ४५ दिवसांपेक्षा जास्त मुदत देता येत नाही, आणि करार नसेल तर १५ दिवसांतच पैसे द्यावे लागतात. हे बिलावर छापून ठेवा. भांडणासाठी नव्हे, तर “कायदाच तसा आहे” असे हसत सांगता यावे म्हणून. काही जण तारणाचा चेक घेतात. घ्यायला हरकत नाही. पण तो वटला नाही तर बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस जावी लागते, आणि नोटीस पाठवली त्या दिवशी ते गाव आपल्यासाठी संपले, हे लक्षात ठेवूनच घ्या.

माणूस टिकवण्याच्या बाबतीत सर्वांत मोठा धोका खंडव्यात नाही, आपल्या इंदूरच्या सियागंज बाजारात आहे. आमचा वितरक आठ महिने नीट चालला आणि मग अचानक त्याची ऑर्डर निम्म्यावर आली. तो काही बोलेना. खंडव्याच्या एका दुकानात मी आमच्याच तिखटाचे खोके उलटून पाहिले, तर त्यावर इंदूरच्या मालाची खूण होती. सियागंजातल्या एका घाऊक व्यापाऱ्याला आम्ही दिवाळीत डझनावर एक पाकीट मोफत दिले होते. त्याने ते पाकीट भावातच जिरवून माल स्वस्त केला, आणि खरेदीला इंदुरात येणारे खंडव्याचे दुकानदार तोच माल घेऊन गेले. आमच्या वितरकाला त्या भावात विकणे शक्यच नव्हते. ही चूक पूर्णपणे आमची होती. तेव्हापासून प्रत्येक खोक्यावर गावाचा आकडा मारून त्याची नोंद ठेवतो आणि घाऊक व्यापाऱ्याला मालाच्या प्रमाणावर स्कीम देत नाही. त्या वर्षी वितरकाकडे पडून राहिलेला माल आम्ही न मागता परत घेतला, आणि तो माणूस आजही आमच्याकडे आहे.

खराब मालाचा नियम पहिल्याच दिवशी लिहून द्या. आमच्याकडे मुदत संपण्याच्या ६० दिवस आधी कळवले तर पूर्ण बदली मिळते, नंतर मिळत नाही, आणि क्रेडिट नोट पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत निघते. वितरक तुटतात ते बहुतेक दोन-तीन हजारांच्या अशा अडकलेल्या रकमांवरून. मोठी भांडणे फार क्वचित होतात. आणि त्याने आपल्याकडून किती उचलले यापेक्षा त्याच्याकडून दुकानांत किती गेले, हा आकडा दर महिन्याला मागा. दोन महिने उचल जास्त आणि दुकानांतली विक्री कमी दिसली, तर पुढची गाडी आपणच थांबवावी, त्याने कितीही आग्रह केला तरी.

खंडवा सहा महिने चालवून पाहिल्यावरच बुऱ्हाणपूर घ्या. तेथे जळगावकडचा माल येतो आणि भावाची गणिते वेगळी पडतात. धारला सध्या वितरक नेमू नका. अंतर इतके कमी आहे की आपली गाडी आठवड्यातून एकदा सकाळी निघून संध्याकाळी परत येऊ शकते, आणि तेथले बरेच दुकानदार इंदुरातूनच माल भरतात. वितरकाचे आठ टक्के त्या गाडीच्या डिझेलवर आणि एका मुलाच्या पगारावर खर्च करा, आणि चाळीस-पन्नास दुकाने स्वतःच्या ओळखीची झाली की मग माणूस शोधा.